संचालकाचा विरोध मिनिट्समध्ये किती आणि कसा लिहायचा?

प्रश्न: आमची पुण्याजवळ प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, पाच संचालक. गेल्या बोर्ड मीटिंगमध्ये नवीन यंत्रासाठी सहा कोटींचं मुदत कर्ज घ्यायचा ठराव चार विरुद्ध एक असा झाला. ज्यांनी विरोध केला त्यांनी आता ड्राफ्ट मिनिट्सवर दीड पान मत लिहून पाठवलंय आणि ‘जसंच्या तसं घाला’ म्हणतात. एमडी म्हणतात, ‘मग माझं उत्तरही घाला.’ मेलवर पुन्हा तोच वाद सुरू झालाय. मी कंपनीत सेक्रेटेरियल काम बघते. नेमकं किती लिहू आणि कुठे थांबू?

उत्तर:

मॅडम, तुमच्यासमोर आत्ता तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच कागदावर जागा मागतायत. पहिली, बैठकीत खरोखर काय घडलं. दुसरी, विरोध करणाऱ्या संचालकांना घरी गेल्यावर आणखी काय सुचलं. तिसरी, त्यावर एमडींना काय वाटतं. मिनिट्समध्ये फक्त पहिलीला जागा आहे. उरलेल्या दोन्हींना दुसरे रस्ते आहेत, ते पुढे सांगतो. हे वेगळं केलंत की दीड पानाचा मजकूर बहुतेक वेळा तीन-चार वाक्यांवर येतो आणि तरीही संचालकांच्या हक्काचं काही जात नाही.

आधी कायद्याने काय बांधून ठेवलंय ते बघू, कारण वाद वाढला की दोन्ही बाजू तुम्हालाच कलम विचारतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८(४) प्रमाणे बोर्डाच्या मिनिट्समध्ये प्रत्येक ठरावाबाबत विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकांची नावं आलीच पाहिजेत. इथे अध्यक्षांनाही पर्याय नाही. ‘कंपनीत एकी दिसावी म्हणून नाव नको’ ही सूचना तुम्हाला कधी ना कधी येईल, तेव्हा हे कलम पुढे करा. तटस्थ राहिलेल्याचंही नाव येतं. सेक्रेटेरियल स्टँडर्ड-१ मध्ये ते स्पष्टच लिहिलेलं आहे.

विरोधाचं कारण किती शब्दांत लिहायचं, ही मात्र वेगळी बाब. स्टँडर्ड म्हणतं की मिनिट्स म्हणजे कामकाजाचा रास्त आणि अचूक सारांश, शब्दशः उतारा नव्हे. एखाद्या संचालकाने ‘माझं म्हणणं शब्दशः घ्या’ असा आग्रह धरला तर घ्यायचं की नाही याचा निर्णय अध्यक्षांचा आणि तो अंतिम. शिवाय कलम ११८(५) आणि (६) खाली, कुणाची बदनामी होईल असा, विषयाशी संबंध नसलेला किंवा कंपनीच्या हिताला बाधक मजकूर वगळायचा पूर्ण अधिकार अध्यक्षांना आहे. म्हणजे नाव आणि विरोधाची नोंद ही सक्तीची, कारणांचे शब्द अध्यक्षांच्या विवेकावर. तुमच्या एमडींना आणि त्या संचालकांना ही रेषा एकदा नीट दाखवा. निम्मा ताण तिथेच उतरतो, कारण एकाला वाटत असतं की आपला विरोध पुसला जातोय आणि दुसऱ्याला वाटत असतं की आपल्यावर आरोपपत्र लिहिलं जातंय.

ते संचालक इतका आग्रह का धरतायत, हेही समजून घ्या. बहुतेक वेळा तो हट्ट नसतो. कलम २(६०) मध्ये ‘कसूरदार अधिकारी’ कोण याची व्याख्या आहे. एखाद्या उल्लंघनाची माहिती असूनही बोर्डाच्या कामकाजात भाग घेताना हरकत न घेणारा संचालकही त्यात येतो. स्वतंत्र संचालक असेल तर अनुसूची ४ त्याला सांगते की शंकेचं निरसन झालं नाही तर ती मिनिट्समध्ये नोंदवून घ्यायचा आग्रह धर. त्यामुळे त्यांना वकील किंवा सीए मित्राने ‘सगळं लेखी येऊ दे’ असा सल्ला दिलेला असतो आणि ‘सगळं’ याचा अर्थ ते दीड पान असा घेतात. प्रत्यक्षात त्यांना उपयोगी पडेल ती नोंद छोटी, नेमकी आणि त्याच बैठकीतली असते. पाच-सात वर्षांनी कुणी ऑडिटर, बँकेचा अधिकारी किंवा न्यायाधिकरणासमोरचा वकील ती वाचतो तेव्हा तो एवढंच शोधतो: विरोध झाला का, कुणाचा, कोणत्या मुद्द्यावर, आणि त्या वेळी त्यांच्यासमोर कोणते कागद होते. दीड पानात हे बुडून जातं.

आता मजकुराकडे. तुम्ही तो दिलेला नाही, म्हणून माझ्या कामात आलेलं असंच एक प्रकरण घेतो. ओळख पटू नये इतकं बदललंय. तिथेही यंत्र, तिथेही मुदत कर्ज, आणि मसुद्यावर आलेल्या लांब मतातली महत्त्वाची वाक्यं ही होती.

पहिलं: ‘या कर्जाला माझा विरोध आहे.’ हे राहतं. यात बोलण्यासारखं काही नाही.

दुसरं: ‘परतफेडीचं सगळं गणित एकाच ग्राहकाच्या तोंडी आश्वासनावर उभं आहे. लेखी ऑर्डर हातात आल्याशिवाय कर्ज घेऊ नये.’ हे त्यांनी बैठकीत बोललेलं होतं, माझ्या वहीत जवळजवळ याच शब्दांत होतं. हेच विरोधाचं कारण. हे राहतं.

तिसरं: ‘व्याजदर थोडा जरी वाढला तरी हप्ते जड जातील, हे मी टिपणातल्या तक्त्यावरून दाखवून दिलं होतं.’ वही बघितली तर त्यांनी हा प्रश्न विचारला होता आणि फायनान्स हेडनी उत्तरही दिलं होतं की हप्त्याचा हिशोब थोडा चढा दर धरूनच केलाय. म्हणजे हा चर्चेतला प्रश्न आणि त्याचं उत्तर. तो चर्चेच्या परिच्छेदात गेला, विरोधाच्या नोंदीत नाही. ‘दाखवून दिलं’ हे शब्दही गेले, कारण समोरच्याला ते पटलं नव्हतं. ‘विचारणा केली’ एवढंच खरं होतं.

चौथं: ‘नंतर मी स्वतः दोन पुरवठादारांशी बोललो, असंच यंत्र कमी किमतीत मिळतं.’ माहिती कदाचित मोलाची असेल, पण बैठक संपल्यानंतरची. ती या मिनिट्समध्ये घातली तर बोर्डासमोर ती होती आणि तरी बोर्डाने दुर्लक्ष केलं, असा चुकीचा अर्थ कायमचा छापला जातो. हे पूर्ण बाहेर.

पाचवं: ‘बोर्डाने घाईघाईत निर्णय घेतला.’ हा शेरा झाला. मी त्यांना फोन करून विचारलं की बैठकीत तुम्ही वेळ मागितला होता का? म्हणाले, ‘हो, पुढच्या मीटिंगला घ्या म्हटलं होतं.’ वहीतही ते होतं. मग शेऱ्याऐवजी घटना लिहिली: निर्णय पुढील बैठकीपर्यंत लांबवावा अशी सूचना त्यांनी केली, ती मान्य झाली नाही. त्यांच्या दृष्टीने हे ‘घाईघाईत’पेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि उरलेल्या चौघांना त्यावर आक्षेप घ्यायला जागा नाही, कारण ते घडलंच होतं.

सहावं, आणि सगळ्यात नाजूक: ‘एमडींनी मुद्दाम आकडे फुगवून बोर्डाची दिशाभूल केली.’ हे वाक्य अध्यक्षांनी ११८(५) खाली वगळलं आणि ते योग्यच होतं. पण नुसतं वगळून मी थांबत नाही. त्यामागे बैठकीत उच्चारलेली काही ठोस शंका होती का, ते बघतो. इथे होती: विक्रीच्या अंदाजाला आधार काय, हे त्यांनी विचारलं होतं आणि बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या असं सुचवलं होतं. ते लिहिलं. आरोप गेला, शंका राहिली. एखाद्या संचालकाला खरंच फसवणूक झाली असं वाटत असेल आणि हातात पुरावा असेल, तर त्याने बोर्डाला आणि वैधानिक ऑडिटरला स्वतंत्र पत्र द्यावं. मिनिट्समधल्या एका विशेषणाने त्याचंही काम होत नाही.

शेवटी नोंद अशी झाली:

> ‘मुदत कर्जाचा प्रस्ताव, यंत्राचे दरपत्रक आणि परतफेडीचा अंदाज दर्शवणारे टिपण संचालक मंडळासमोर ठेवण्यात आले. श्री. क यांनी विक्रीच्या अंदाजाचा आधार आणि व्याजदरवाढीचा हप्त्यांवरील परिणाम याबाबत विचारणा केली. वित्त विभागप्रमुखांनी हप्त्यांचा हिशोब प्रस्तावित दरापेक्षा अधिक दर गृहीत धरून केल्याचे सांगितले. व्यवस्थापकीय संचालकांनी ग्राहकाशी झालेल्या बोलण्याची माहिती दिली व लेखी ऑर्डर अपेक्षित असल्याचे सांगितले. श्री. क यांनी अंदाजाची त्रयस्थाकडून तपासणी करावी आणि निर्णय पुढील बैठकीपर्यंत लांबवावा अशी सूचना केली. ती मान्य झाली नाही.
>
> चर्चेअंती पुढील ठराव बहुमताने संमत करण्यात आला: …
>
> श्री. क यांनी ठरावास विरोध केला. परतफेडीचा अंदाज एकाच ग्राहकाच्या तोंडी आश्वासनावर आधारित असून लेखी ऑर्डर मिळण्यापूर्वी कर्ज घेऊ नये, हे त्यांनी विरोधाचे कारण सांगितले.’

यातला क्रम मुद्दाम बघा. आधी कागद, मग प्रश्नोत्तरं, मग ठराव, मग विरोध, आणि तिथे विषय संपला. विरोधाच्या नोंदीनंतर एकही वाक्य नाही. तुमच्या एमडींच्या मागणीचं उत्तर या क्रमातच आहे. त्यांनी बैठकीत जे सांगितलं ते नक्की घ्यायचं, पण ठरावाच्या आधी, चर्चेत. बोर्डाने निर्णय का घेतला ते तिथेच कळलं पाहिजे. तेच वाक्य विरोधाच्या खाली टाकलंत की ते प्रत्युत्तर होतं. मग विरोध करणारा त्यावर आणखी एक वाक्य मागतो, आणि हे कुठे थांबवायचं याला तुमच्याकडे उत्तर राहत नाही. एमडींना मी असं सांगतो: ‘साहेब, ठराव तुमच्या बाजूने झालाय, मिनिट्समध्ये दुसऱ्यांदा जिंकायची गरज नाही.’ बहुतेकांना हे पटतं. ज्यांना पटत नाही ते निदान हसतात.

शब्दांचीही थोडी काळजी घ्या. विरोधकाच्या बाबतीत ‘दावा केला’, ‘आग्रह धरला’, ‘ताशेरे ओढले’ नको. ‘सांगितले’, ‘विचारणा केली’, ‘सूचना केली’ पुरतं. विरोधाच्या आधी ‘तथापि’ किंवा ‘मात्र’ लावलं की तो विरोध अडथळ्यासारखा वाचला जातो. आणि एक वाक्य तर मिनिट्सच्या तयार साच्यांत सर्रास असतं: ‘सदस्यांच्या सर्व शंकांचे समाधानकारक निरसन करण्यात आले.’ एकाने विरोधात मत दिलंय आणि त्याच पानावर हे वाक्य आहे, तर मिनिट्स स्वतःलाच खोटं पाडतात. मसुद्यावर आलेल्या कितीतरी संतप्त मेलांचं मूळ हे एक वाक्य असतं. तुमच्या मसुद्यात ते असेल तर आजच काढा.

बाजूने मत देणाऱ्यांची नावं लिहायची का? गरज नाही, ‘बहुमताने’ पुरे. चौघांची नावं एकीकडे आणि एकाचं दुसरीकडे अशी यादी लिहिली की ती निवडणुकीच्या निकालासारखी दिसते.

पुढच्या वेळी ही वेळच येऊ नये म्हणून काय करायचं, तर विरोधाचा मजकूर बैठक चालू असतानाच पक्का करायचा. मसुदा पाठवल्यावर नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सने होणाऱ्या बैठकांसाठीच्या नियमात तर हे घातलेलंच आहे: प्रत्येक विषयाच्या शेवटी अध्यक्षांनी निर्णयाचा सारांश आणि विरोध करणाऱ्यांची नावं जाहीर करायची. मी प्रत्यक्ष बैठकीतही तेच करतो. चर्चा संपली असं अध्यक्षांनी म्हटलं आणि मतं मोजली की पुढचा विषय पुकारण्याआधी मी विचारतो, ‘सर, तुमचा विरोध नोंदवतोय. कारण घ्यायचं असेल तर एक-दोन वाक्यांत सांगा, मी वाचून दाखवतो.’ ते सांगतात, मी लिहितो, मोठ्याने वाचतो. त्यात बदल फक्त तेच सुचवू शकतात. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तर अध्यक्षांनी एवढंच म्हणायचं: ‘हे त्यांचं कारण आहे, त्यांच्या शब्दांत राहू दे. पुढचा विषय.’ दोन-तीन मिनिटं जातात. अध्यक्षांना हे बैठकीआधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी ते सौजन्याने ‘तुम्हाला काही बोलायचंय का?’ असं एमडींना विचारतात आणि चर्चेची गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर.

याच क्षणी आणखी एक गोष्ट साफ होते. काही संचालक जोरात टीका करतात, पण मत विचारलं की गप्प. टीका म्हणजे विरोध नव्हे. ‘मला हे आवडलेलं नाही, पण करा’ असं म्हणणाऱ्याला तिथेच विचारावं लागतं की हे विरोधात धरू, तटस्थ धरू की बाजूने? आपण मनाने अंदाज बांधला की नंतर मसुद्यावर भांडण ठरलेलंच. आणि बैठक संपल्यावर मत बदलत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘माझा विरोध लावा’ म्हणणाऱ्यालाही नाही, आणि घरच्यांनी समजूत घातल्यावर ‘तेवढा विरोध काढून टाका’ म्हणणाऱ्यालाही नाही. हा दुसरा प्रकार कौटुंबिक कंपन्यांत जास्त दिसतो.

विरोध करणाऱ्याकडे लेखी टिपण तयार असेल तर ते बैठकीतच पटलावर ठेवायला सांगा. मग तो बोर्डासमोर आलेला कागद होतो: त्यावर तुमच्या अध्यक्षांची आद्याक्षरी सही घ्यायची, मिनिट्समध्ये ‘श्री. क यांनी अमुक तारखेचे टिपण सादर केले’ एवढा उल्लेख, आणि टिपण बैठकीच्या कागदांसोबत जतन. पूर्ण मत सुरक्षित राहतं आणि मिनिट्स आटोपशीर राहतात. मिनिट्स बुकात मात्र ते चिकटवायचं नाही. कंपनी (व्यवस्थापन व प्रशासन) नियम, २०१४ मध्ये मिनिट्स बुकात मिनिट्सचा मजकूर चिकटवून किंवा जोडून लावण्याला सरळ मनाई आहे. ‘परिशिष्ट म्हणून लावून टाका’ हा मधला मार्ग कुणीतरी सुचवतंच, तो घेऊ नका.

आता मसुद्याचा टप्पा, जिथे तुम्ही सध्या अडकलाय. स्टँडर्डप्रमाणे बैठक संपल्यापासून १५ दिवसांत मसुदा सगळ्या संचालकांना पाठवायचा, मसुदा पाठवल्यापासून सात दिवसांत त्यांनी लेखी अभिप्राय द्यायचा, आणि बैठकीपासून ३० दिवसांत मिनिट्स बुकात नोंद करायची. सात दिवसांत अभिप्राय आला नाही तर मसुदा मान्य असं धरलं जातं; उशिरा आलेला अभिप्राय विचारात घ्यायचा की नाही हे, बोर्डाने तसा अधिकार दिला असेल तर, अध्यक्ष ठरवतात. समजा बैठक १० जूनला झाली. मसुद्याची शेवटची तारीख २५ जून, पण मी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पाठवतो. १३ जूनला पाठवला तर अभिप्रायाची मुदत २० जूनला संपते आणि १० जुलैपर्यंत वाद मिटवायला तीन आठवडे हातात राहतात. पंधराव्या दिवसापर्यंत थांबलात तर विरोध झालेल्या बैठकीत हा वेळच मिळत नाही, शिवाय लोकांच्या आठवणीही तोवर आपापल्या सोयीच्या झालेल्या असतात.

हा अभिप्राय कशाबद्दल असतो? नोंद अचूक आहे का, एवढ्याबद्दल. निर्णय बरोबर होता का, याबद्दल नाही. हे पहिल्याच मेलमध्ये लिहा, आणि सगळ्यांना एकत्र मेल न पाठवता प्रत्येकाला वेगळा पाठवा, निदान बाकीचे पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाका. वाद मेलवर पुन्हा पेटतो तो नव्वद टक्के ‘रिप्लाय ऑल’मुळे. माझा मजकूर साधारण असा असतो:

> ‘सोबत बैठकीच्या मिनिट्सचा मसुदा पाठवत आहे. बैठकीत जे घडले त्याची नोंद अचूक नसल्यास कृपया परिच्छेद क्रमांक देऊन सुचवलेली वाक्यरचना अमुक तारखेपर्यंत फक्त मला कळवावी. विषयांबाबतचे नवीन मुद्दे पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेसाठी स्वतंत्रपणे पाठवावेत.’

परिच्छेद क्रमांक आणि वाक्यरचना मागितली की माणूस निबंध लिहीत नाही. आलेला प्रत्येक अभिप्राय वहीशी ताडून अध्यक्षांसमोर एका तक्त्यात ठेवा: काय सुचवलं, बैठकीच्या टिपणात काय आहे, तुमची शिफारस काय. निर्णय अध्यक्षांचा. नाकारलेल्या सूचनेबद्दल त्या संचालकाला दोन ओळींचं उत्तर द्या, कारणासह. काहीच उत्तर न देणं हे नकारापेक्षा जास्त झोंबतं.

तुमच्या कंपनीत पहिला विषय ‘मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असा असेल तर तोही बदला. सहकारी संस्थांमधून आलेली ही सवय कंपन्यांतही रुजली आहे. बोर्डाच्या मिनिट्सची पुढच्या बैठकीत फक्त नोंद घ्यायची असते. ती आधीच ३० दिवसांत बुकात गेलेली असतात, आणि ठराव ज्या दिवशी झाला त्याच दिवसापासून लागू असतो. ‘कायम करायची का?’ असं विचारलं की विरोध करणारा साहजिकच म्हणतो, ‘माझी संमती नाही’, आणि कर्जाचा विषय पुन्हा टेबलावर येतो. त्यांना तो विषय खरोखर पुन्हा घ्यायचा असेल तर त्याला सरळ वाट आहे. ते पुरवठादारांचे नवे दर किंवा जे काही असेल ते लेखी द्यावं, आणि अध्यक्षांनी ते पुढच्या विषयपत्रिकेत स्वतंत्र विषय म्हणून घ्यावं, नेहमीच्या किमान सात दिवसांच्या नोटिशीसह. तेव्हा जी चर्चा होईल ती त्या बैठकीच्या मिनिट्समध्ये येईल.

बुकात गेलेल्या मिनिट्समध्ये फेरफार करायचाच झाला तर तो ज्या पुढच्या बैठकीत नोंद घेतली जाते तिथे बोर्डाच्या स्पष्ट मान्यतेने, आणि फेरफार झाल्याची नोंद त्या बैठकीच्या मिनिट्समध्ये. गुपचूप पान बदलणं हा गुन्हा आहे. ११८(१२) खाली मिनिट्समध्ये छेडछाड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘सुटं पानच आहे, बदलून टाका’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टी राहिल्या. एक, वरचं सगळं साध्या बहुमताने होणाऱ्या ठरावाला लागू आहे. तुमचा ठराव कर्ज घेण्याचा आहे, म्हणून चार विरुद्ध एक चाललं. कंपनी दुसऱ्या कंपनीला कर्ज देणार असती, हमी देणार असती किंवा गुंतवणूक करणार असती, तर कलम १८६(५) प्रमाणे उपस्थित सर्व संचालकांची संमती लागली असती. तिथे एकाचा विरोध आला की ठराव पडतो आणि एखादा तटस्थ राहिला तरी सर्वांची संमती झाली असं म्हणता येत नाही. ‘बहुमताने संमत’ लिहून, खाली विरोध नोंदवून, पैसे पाठवून मोकळं झालेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मिनिट्सनीच त्यांना पकडून दिलं. म्हणून विरोध आला की आधी या ठरावाला किती मतं लागतात ते तपासा, आणि आर्टिकल्समध्ये काही जास्तीची अट आहे का तेही. गुंतवणूकदार असलेल्या कंपन्यांत काही विषयांवर त्यांच्या संचालकाची होकारार्थी मतं लागतात.

दोन, बैठकीला गैरहजर असलेला संचालक. तो मसुद्यावर अभिप्राय देऊ शकतो, पण जिथे तो नव्हताच तिथे त्याचा विरोध नोंदवता येत नाही. त्याने पत्र द्यावं, ते पुढच्या बैठकीत ठेवावं.

तुमच्या हातातल्या प्रकरणात आता हे करा. मेलवरची साखळी तोडा; अध्यक्षांकडून सर्वांना एक ओळ जाऊ द्या की अभिप्राय यापुढे फक्त तुमच्याकडे येतील. दीड पानाची प्रत काढा, तुमची बैठकीची वही शेजारी ठेवा आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहा: बैठकीत बोलले, बोलले नाहीत, किंवा बोलले पण वेगळ्या शब्दांत. मग त्या संचालकांना मेल न करता फोन करा. त्यांचं नाव आणि कारण राहणार हे पहिल्याच वाक्यात सांगा, नंतर तुम्ही तयार केलेली दोन वाक्यं वाचून दाखवा आणि शब्द बरोबर आहेत का विचारा. जास्तीचं मत त्यांनी बोर्डाला उद्देशून पत्र म्हणून द्यावं, तुम्ही त्याची पोच द्याल आणि ते पुढच्या बैठकीत ठेवायला अध्यक्षांना विचाराल, हेही सांगा. ते ऐकल्यावर सहसा माणूस शांत होतो. नाही झाला तर सगळं तक्त्यात मांडून अध्यक्षांकडे द्या, त्यांचा निर्णय लेखी घ्या आणि ३० दिवसांच्या आत मिनिट्स बुकात चढवा. सहमती होण्याची वाट बघत ती तारीख चुकवू नका; ती चुकली तर कसूर कंपनीची आणि तिच्या कसूरदार अधिकाऱ्यांची.